सर्व मंडळी, केज

जुन्या छायाचित्राच्या पाठीवर निळ्या शाईने एवढेच लिहिलेले असते : ‘सर्व मंडळी, केज, उन्हाळ्याची सुट्टी.’ लिहिणाऱ्याला तेवढे पुरेसे होते. मंडळी कोण, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. केजमधला वाडा एकच होता आणि सुट्टी नुकतीच संपलेली होती. पन्नास वर्षांनंतर तीच ओळ वाचणाऱ्या नातवाला मात्र त्यातून काहीच कळत नाही. चेहरे स्पष्ट दिसतात, नावे मात्र दिसत नाहीत.

मराठवाड्यातील अनेक व्यापारी जैन घराण्यांची पुढची पिढी आज पुणे, छत्रपती संभाजीनगर, हैदराबाद, बंगळुरू येथे स्थिरावली आहे. मूळ गावचा वाडा उन्हाळ्यात एकदा उघडतो, चार-आठ दिवस चुलत-आते-मावस भावंडांनी गजबजतो आणि पुन्हा कुलूपबंद होतो. त्या आठवड्यात अंगणात एक छायाचित्र निघतेच. त्याखाली काय लिहावे आणि ते खरे आहे हे कसे पडताळावे, हे समजण्यासाठी केजमधील अशाच एका वाड्याचे उदाहरण डोळ्यांपुढे आणावे. नावांची येथे आवश्यकता नाही. नातीच पुरेशी आहेत.

वाडा जुन्या पद्धतीचा आहे. रस्त्याकडून ढाळजेतून आत यावे, मग फरशीचे अंगण, एका कोपऱ्यात आड, समोर ओसरी आणि ओसरीमागे माजघर. घरात ७८ वर्षांच्या दादी आहेत. थोरले चिरंजीव केजमध्येच आडत दुकान पाहतात, धाकटे पुण्याला असतात. थोरली मुलगी लातूरला दिली, धाकटी हैदराबादला. मे २०२४ मध्ये दादींच्या वर्षीतपाचे पारणे झाले, त्यासाठी सगळे जमले आणि काही जण सुट्टीभर राहिले. त्या दिवसांतले हे छायाचित्र आहे. ओसरीच्या पायरीवर चौघे बसले आहेत, मागे दोघे उभे आहेत, खाली फरशीवर पाच मुले आहेत आणि ढाळजेच्या दारात एका बाईंचा अर्धा चेहरा दिसतो.

माणसे कोण, आणि कोणाची कोण

पहिला प्रश्न क्रमाचा. ‘डावीकडून’ म्हणजे छायाचित्र पाहणाऱ्याच्या डावीकडून, बसलेल्याच्या नव्हे. रांगा वेगळ्या सांगाव्यात : आधी मागे उभे असलेले, मग बसलेले, शेवटी खालची मुले. हे सोपे वाटते, पण या कुटुंबात पहिलीच अडचण येथे आली. घरच्या मंडळींच्या मोबाइलवर या छायाचित्राच्या दोन प्रती फिरत होत्या. एकीत दादी थोरल्या चिरंजीवांच्या डावीकडे दिसत, दुसरीत उजवीकडे. कोणीतरी सजावट करताना एक प्रत आरशातल्यासारखी उलटवली होती. खरी कोणती, हे थोरल्यांच्या हातानेच सांगितले. त्यांच्या तर्जनीवर मतदानाची शाई होती, आणि ती शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लावतात. ज्या प्रतीत ती उजव्या हाताला दिसत होती, ती प्रत बाजूला ठेवली गेली. असा खुणेचा हात नसेल, तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेची किंवा दुकानाच्या पाटीची अक्षरे पाहावीत. तीही उलटी दिसतात.

दुसरी अडचण नात्यांच्या शब्दांची. पुण्याच्या नातवाने पहिल्यांदा लिहिलेल्या ओळी अशा होत्या : ‘दादी, मोठे काका, काकी, भुआ आणि आम्ही सगळे.’ त्याच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हती. परंतु शेजारी बसलेल्या लातूरच्या भाच्यासाठी त्या दादी नाहीत, नानी आहेत. मोठे काका त्याचे मामा आहेत आणि भुआ म्हणजे त्याची आई. खाली बसलेल्या पाच मुलांपैकी दोघांच्या त्या दादी आणि तिघांच्या नानी. नात्याचा शब्द बोलणाऱ्यावर अवलंबून असतो. बोलणारा उठून गेला की शब्द निराधार होतो. म्हणून घराण्याच्या संग्रहातील ओळींमध्ये नाते एकाच माणसापासून मोजावे आणि तो माणूस शक्यतो छायाचित्रातील सर्वांत ज्येष्ठ असावा. ‘मोठे काका’ ऐवजी पूर्ण नाव आणि पुढे ‘दादींचे थोरले चिरंजीव’. ‘भुआ’ ऐवजी पूर्ण नाव आणि ‘दादींची थोरली कन्या’.

स्त्रियांच्या नावांकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण छायाचित्रे जिथे हरवतात ती जागा बहुधा हीच असते. लग्नानंतर आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. तीच व्यक्ती एका छायाचित्राखाली माहेरच्या नावाने आणि दहा वर्षांनंतरच्या दुसऱ्या छायाचित्राखाली सासरच्या नावाने येते. तिसऱ्या पिढीला त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात. म्हणून दोन्ही आडनावे लिहावीत, सासरचे गाव लिहावे. मुलांची घरची लाडकी नावे अवश्य द्यावीत, पण कंसात. आधी शाळेतले नाव असावे.

मग उरतात ते दोघे, ज्यांना ओळींमध्ये सहसा जागा मिळत नाही. एक म्हणजे छायाचित्र टिपणारा. पुण्याचे धाकटे चिरंजीव कोणत्याच रांगेत नाहीत. उद्या कोणी विचारील, ‘ते त्या वर्षी आले नव्हते का? भावांत काही बिनसले होते का?’ एका शब्दाची नोंद नसली की असे तर्क वाढतात. ‘छायाचित्र धाकट्या चिरंजीवांनी टिपले’ एवढे लिहिले की प्रश्न मिटतो. दुसरी व्यक्ती म्हणजे ढाळजेतल्या बाई. त्या कित्येक वर्षे या घरी कामाला येतात. पारण्याच्या दिवशी उसाचा रस गाळण्यापासून अंगण धुण्यापर्यंत सारे त्यांनी पाहिले. त्यांचे नाव मुलांपैकी कोणालाच पूर्ण माहीत नव्हते. दादींनी ते सांगितले आणि ते ओळींमध्ये आले.

तारीख कोणती

दादींना दिवस पक्का आठवत होता : ‘पारण्याच्या दुसऱ्या दिवशी.’ वर्षीतपाचे पारणे अक्षय तृतीयेला, भगवान ऋषभदेवांच्या पारण्याच्या स्मरणार्थ इक्षुरसाने होते. २०२४ मध्ये अक्षय तृतीया शुक्रवारी, १० मे रोजी होती. म्हणजे दादींच्या सांगण्याप्रमाणे छायाचित्र ११ मेचे.

थोरल्या सूनबाईंच्या मोबाइलमध्ये त्याच छायाचित्राचे नाव IMG-20240519-WA0012 असे होते. त्यावरून नातवाने १९ मे ही तारीख धरली. पण ‘डब्ल्यूए’ अक्षरे असलेले असे नाव व्हॉट्सअॅपवरून आलेल्या छायाचित्राला मिळते आणि त्यातला दिनांक पाठवण्या-मिळण्याचा असतो, टिपण्याचा नव्हे. शिवाय असे पाठवताना मूळ छायाचित्रात दडलेली दिनांक-वेळेची नोंद गळून जाते. टिपल्याचा दिवस ज्या मोबाइलने छायाचित्र काढले त्यातील मूळ प्रतीतच सापडतो. येथे तो मोबाइल मध्यंतरी बदलला गेला होता आणि मूळ प्रत राहिली नव्हती. १९ मे या तारखेतून एकच गोष्ट निश्चित झाली : छायाचित्र त्या दिवसानंतरचे नाही.

आता पुन्हा शाईकडे वळावे. बीड लोकसभा मतदारसंघात, ज्यात केज येते, मतदान सोमवारी, १३ मे २०२४ रोजी झाले. थोरले चिरंजीव केजचेच मतदार आहेत. त्यांच्या बोटावर शाई आहे, त्याअर्थी छायाचित्र १३ मेच्या आधीचे असू शकत नाही. दादींची ११ मे ही तारीख येथे टिकत नाही.

यावर घरात कोणीतरी लगेच दाखवून दिले की लातूरच्या कन्येच्या बोटावरही शाई आहे. ते खरे आहे, पण त्या शाईला येथे किंमत नाही. लातूरचे मतदान ७ मे रोजीच झाले होते आणि नखावरची खूण काही आठवडे टिकते. त्यामुळे ती शाई ११ मेच्या छायाचित्रातही दिसली असती. एकाच छायाचित्रातल्या दोन सारख्या खुणांपैकी एक पुरावा ठरते आणि दुसरी ठरत नाही, ते माणूस कुठला मतदार आहे यावरून.

म्हणजे दादी चुकल्या का? पूर्णपणे नाही. पारण्याला कोण आले, कोण राहिले, कोणाच्या शेजारी कोण बसले, हे त्यांनी सांगितलेले सारे छायाचित्राशी जुळले. स्मृती माणसे आणि प्रसंग धरून ठेवते. त्यांच्यामधले दिवस मात्र ती जवळ ओढते. पारणे आणि छायाचित्र हे दोन आनंद त्यांच्या मनात एकमेकांना चिकटले. ओळींमध्ये शेवटी असे लिहिले गेले : ‘१३ ते १९ मे २०२४ दरम्यान, दादींच्या वर्षीतपाच्या पारण्यानंतरच्या आठवड्यात.’ एक नेमकी पण चुकीची तारीख लिहिण्यापेक्षा अशी खरी मर्यादा लिहिणे केव्हाही हितावह. ती पुढे कोणी अधिक नेमकी करू शकतो. चुकीची तारीख मात्र पुढच्या प्रत्येक नोंदीत शिरते.

गोष्ट कोणी सांगितली

छायाचित्रात दादींच्या मागे माजघराची भिंत आहे. सुट्टीत दर रात्री या भिंतीची गोष्ट सांगितली जाते. निजामी राजवटीच्या अखेरच्या वर्षी, रझाकारांच्या धामधुमीत, दादींच्या सासऱ्यांनी दुकानाच्या वह्या या भिंतीतल्या बळदात ठेवल्या आणि वरून ज्वारी ओतली. बळद म्हणजे जाड भिंतीच्या पोटात धान्यासाठी सोडलेली पोकळी. वरून भरायची, खालच्या तोंडातून काढायची. मुलांच्या तोंडी गोष्ट वाढत गेली होती. एकाच्या मते आत दागिने होते, दुसऱ्याच्या मते माणसे लपली होती. पुण्याच्या नातवाला ओळ लिहायची होती : ‘मागे : आजोबांनी खजिना लपवला ते बळद.’

लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले गेले.

पहिला, हे कोणी पाहिले? हैदराबाद संस्थानातील पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. दादींचे वय तेव्हा दोन वर्षांचे होते आणि त्या या घरात १९६४ साली सून म्हणून आल्या. म्हणजे त्यांनी पाहिलेले काही नाही. त्यांनी ऐकले ते सासूबाईंकडून. सासूबाई त्या काळी याच घरात होत्या. त्यामुळे ही गोष्ट पाहणाऱ्याकडून एकाच हाताने पुढे आलेली आहे, तिचे वजन मोठे आहे. तिच्यात दागिने नव्हते, वह्याच होत्या. आडतीच्या घरात वही गेली म्हणजे येणे-देणे सारेच गेले, हे व्यापारी कुटुंबाला वेगळे सांगायला नको.

दुसरा, ही तीच भिंत आहे का? नीट पाहिले तर छायाचित्रातली भिंत विटा-सिमेंटची आहे आणि तिची जाडी दारापाशी एक वीतभरच दिसते. जुन्या दगड-मातीच्या भिंती दोन हातांपर्यंत जाड असत. बळद त्यांच्याच पोटात मावे. थोरल्या चिरंजीवांना आठवले की ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर घरच्यांना मातीच्या भिंतीखाली झोपण्याची भीती वाटू लागली, तेव्हा माजघराची ती बाजू उतरवून नवी बांधली. बळद त्यात गेले. म्हणून ‘मागे बळद’ हे लिहिणे चुकीचे ठरले असते; ‘या भिंतीच्या जागी पूर्वी बळद होते’ हे बरोबर.

तिसरा, वही काय सांगते? त्या वर्षीची रोकड वही घरात आहे. ती शोधताना आधी चुकामूक झाली. नातवाने १९४८ मध्ये ५७ मिळवून संवत २००५ ची वही काढली आणि त्यात त्या दिवसांच्या नोंदीच नव्हत्या. दुकानाची वही दिवाळीला बदले. सप्टेंबर १९४८ हा १९४७ च्या दिवाळीला उघडलेल्या वहीत येतो आणि तिच्यावर संवत २००४ असते. ती वही उघडली तेव्हा श्रावणापर्यंत रोजच्या नोंदी दिसल्या, भाद्रपदाची पाने कोरी होती आणि आश्विनात जमा-खर्च पुन्हा सुरू झालेला होता.

येथे हात आखडता घ्यावा लागतो. पर्युषणात दुकान बंद ठेवण्याची रीत असल्याने भाद्रपदाच्या आरंभीचे कोरे दिवस दरवर्षी दिसू शकतात. म्हणून शेजारच्या वर्षांच्या वह्याही चाळल्या गेल्या. त्यांत संवत्सरीनंतर नोंदी लगेच सुरू होतात. या एकाच वर्षी पूर्ण महिना कोरा आहे. याचा अर्थ व्यवहार थांबला होता, एवढे वही सांगते. वही स्वतः बळदात होती की नाही, हे कोरे पान सांगू शकत नाही. ते सासूबाईंनी सांगितले आहे आणि ओळींमध्येही ते त्यांच्याच नावावर राहिले पाहिजे. गोष्टीवर सांगणाऱ्याचे नाव लिहिल्याने ती उणी होत नाही. ती कोणाची आहे आणि कुठवर विसंबण्याजोगी आहे, एवढेच त्यातून कळते.

शेवटी उतरलेल्या ओळी

दोन संध्याकाळींच्या बोलण्यानंतर छायाचित्राखाली जे लिहिले गेले, त्याचा नमुना असा. जिथे ठिपके आहेत तिथे पूर्ण नावे येतात.

‘केज, जि. बीड. वाड्याचे अंगण, १३ ते १९ मे २०२४ दरम्यान. दादी …… यांच्या वर्षीतपाच्या पारण्यानंतरच्या आठवड्यात. (नाती दादींपासून.) मागे उभे, डावीकडून : …… (धाकटी सून, पुणे), …… (थोरला नातू, केज). ओसरीच्या पायरीवर, डावीकडून : …… (थोरली कन्या, माहेर ……, सासर ……, लातूर), दादी, …… (थोरले चिरंजीव), …… (थोरली सून). फरशीवर, डावीकडून : …… व …… (धाकट्या चिरंजीवांची मुले), …… व …… (थोरल्या कन्येची मुले), …… (धाकट्या कन्येचा मुलगा, हैदराबाद). ढाळजेच्या दारात : ……. छायाचित्र : …… (धाकटे चिरंजीव). मागची भिंत १९९३ च्या भूकंपानंतर बांधलेली. तिच्या जागी पूर्वी बळद होते. १९४८ साली दुकानाच्या वह्या त्यात लपवल्या होत्या, असे दादींना त्यांच्या सासूबाईंनी सांगितले. संवत २००४ च्या रोकड वहीत भाद्रपदाची पाने कोरी आहेत.’

मासिकाला पाठवताना यातला पहिला भाग पुरेसा होतो. भिंतीची आणि वहीची हकीकत घरच्या प्रतीसोबत राहते. कागदी प्रत काढली तर तिच्या पाठीवर बॉलपेनने दाबून लिहू नये. पुढच्या बाजूला अक्षरांचे वळ उठतात. गुळगुळीत पाठीवर पेन्सिलही उमटत नाही. ओळी वेगळ्या कागदावर लिहून तो कागद छायाचित्रासह एकाच पाकिटात ठेवावा आणि मोबाइलवरून पाठवताना ओळी छायाचित्राच्याच संदेशात लिहाव्यात, मागाहून वेगळ्या संदेशात नव्हे.

नव्या छायाचित्राचे काम संपल्यावर नातवाने दादींपुढे ते जुने, ‘सर्व मंडळी’ लिहिलेले छायाचित्र धरले. त्यात त्याच अंगणात आडाच्या कडेला नऊ मुले उभी आहेत. त्यांतली शेवटची, तेल लावून घट्ट दोन वेण्या घातलेली मुलगी म्हणजे हैदराबादची धाकटी भुआ, असे सगळे आजवर धरून चालले होते. भुआ दर वर्षी ते छायाचित्र पाहून हसत आणि काही बोलत नसत.

दादींनी चष्मा पुसला आणि सांगितले की तो बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा होता, आड आटला होता, आणि धाकटी तेव्हा त्यांच्या कडेवर होती, छायाचित्रात ती नाहीच. ती मुलगी दुकानातल्या हमालाची. बाप टँकरच्या रांगेत उभा असे, म्हणून ती दिवसभर या अंगणात खेळे आणि मुलांबरोबरच जेवे. दादींनी तिचे नाव सांगितले, बापाचे सांगितले, तिला कोणत्या गावी दिले तेही सांगितले.

नातवाने कागद घेतला आणि लिहिले : ‘केज, उन्हाळा १९७३. उजवीकडून पहिली : ……’ पुढची आठ नावे दादी एकेक करून सांगत गेल्या. सातव्यापाशी त्या थांबल्या. ते नाव त्यांना आठवेना. ती जागा कोरी ठेवून पुढे ‘दादींना आठवले नाही, मे २०२४’ असे लिहिले गेले.